२७ वर्षं की २८? हाती आलेली ग्रॅच्युइटी पुन्हा मोजताना

कळव्याला आमच्या मजल्यावर एक अण्णा राहतात. रबाळ्याच्या एका कारखान्यात ते मशीनवर होते, ३० सप्टेंबर २०२५ला निवृत्त झाले. ऑक्टोबर संपता संपता बँकेचा मेसेज आला आणि संध्याकाळी ते मोबाइल घेऊन आमच्या दारात. खात्यात ४,२२,०१० रुपये जमा झाले होते. "बघ रे जरा, बरोबर आहे का," एवढंच म्हणाले. मी वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात टाइम ऑफिस आणि पगार अशी बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे असे मोबाइल माझ्याकडे येतातच.

आकड्याकडे नुसतं बघून तो बरोबर की चूक, हे मलाही कळत नाही. मी त्यांना कागद आणायला सांगितलं: नेमणूकपत्र, कायम केल्याचं पत्र, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, कार्यमुक्तीचं पत्र आणि फुल अँड फायनलचा कागद. शेवटच्या कागदावर 'ग्रॅच्युइटी' असं लिहून समोर एकच रक्कम होती. किती वर्षं धरली, कोणत्या पगारावर मोजली, काही नाही. बहुतेकांना असाच कागद मिळतो. म्हणून आधी आपला हिशेब स्वतंत्रपणे मांडायचा आणि मग त्यांच्या आकड्याला हात घालायचा.

हिशेबाचं सूत्र १९७२च्या ग्रॅच्युइटी कायद्यात आहे. अण्णा निवृत्त झाले तेव्हा तो कारखान्यांना आणि दहा किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानांना लागू होता. महिन्याच्या पगारावर असलेल्या माणसासाठी ते असं:

```
ग्रॅच्युइटी = (शेवटचा मूळ पगार + महागाई भत्ता) ÷ २६ × १५ × सेवेची वर्षं
```

चारच गोष्टी, आणि २६ नि १५ तर ठरलेलेच. भांडण होतं ते पगार कोणता आणि वर्षं किती यावर. पण अण्णांच्या बाबतीत ठरलेल्या २६चाही घोळ निघाला. तो पुढे येईलच.

आधी पगार

अण्णांची सप्टेंबरची स्लिप अशी: मूळ पगार २१,४००, महागाई भत्ता ९,८६०, घरभाडे भत्ता ४,२८०, प्रवास भत्ता २,४००. एकूण ३७,९४०. ग्रॅच्युइटीसाठी यातले पहिले दोनच घ्यायचे, म्हणजे ३१,२६०. घरभाडं, ओव्हरटाइम, बोनस, कमिशन आणि बाकीचे भत्ते कायद्यानेच बाहेर ठेवले आहेत. त्यामुळे हातात येणारा पूर्ण पगार धरून कुणी घरी हिशेब केला असेल, तर तो आकडा मोठा येणार आणि कंपनीवर उगाच संशय जाणार.

स्लिपवर दोन रकाने असतात, एक पगाराच्या दराचा आणि एक त्या महिन्यात प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेचा. शेवटच्या महिन्यात अण्णांचे दोन दिवस बिनपगारी गेले होते, म्हणून मिळालेली रक्कम कमी होती. आपल्याला हवा दर. कायद्यातही 'शेवटचा पगाराचा दर' असाच शब्द आहे. घाईत माणूस शेवटची जमा रक्कम उचलतो आणि दोन दिवसांचा खाडा सगळ्या वर्षांना लागतो.

आपल्या राज्यातली एक अडचण इथे सांगून टाकतो. किमान वेतनाच्या सरकारी अधिसूचनेत महागाईशी जोडलेल्या भागाला 'विशेष भत्ता' म्हणतात आणि तो दर सहा महिन्यांनी बदलतो. किमान वेतनावर काम करणाऱ्याच्या स्लिपवर हा विशेष भत्ता असेल, तर तो नावाने विशेष असला तरी महागाई भत्ताच आहे आणि हिशेबात धरायचा. ऐरोलीच्या आयटी पार्कमधल्या स्लिपवर 'स्पेशल अलाउन्स' असतो, तो मात्र उरलेला पगार भरायला ठेवलेला निराळाच प्रकार. नाव सारखं दिसतं म्हणून दोघांना एका मापाने मोजू नका.

युनियनचा करार रखडलेला असेल तर अजून एक गोष्ट बघा. करार निवृत्तीनंतर झाला, पण तो मागच्या तारखेपासून लागू असेल आणि त्या काळात तुम्ही नोकरीत असाल, तर शेवटचा दरही वाढतो. तेव्हा पगाराचा फरक घेऊन गप्प न बसता ग्रॅच्युइटीचा फरकही मागायचा.

पंधरा दिवसांचा पगार

३१,२६० भागिले २६, गुणिले १५. उत्तर १८,०३४ रुपये ६२ पैसे. सेवेच्या एका वर्षाची ही किंमत.

इथे बरेच जण विचारतात की महिना तीस दिवसांचा, मग पंधरा दिवसांचा पगार म्हणजे सरळ अर्धा पगार, २६ कुठून आले? महिन्याचा पगार मिळतो तो कामाच्या दिवसांचा, आणि चार रविवार वजा केले की ते दिवस २६ उरतात. १९८०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही रीत मान्य केली आणि १९८७च्या दुरुस्तीने ती कायद्यातच लिहिली गेली. अर्ध्या पगाराने अण्णांचं एक वर्ष १५,६३०चं होतं, म्हणजे प्रत्येक वर्षामागे जवळजवळ चोवीसशे रुपये कमी. कंपनीत पाच दिवसांचा आठवडा असला तरी भागाकार २६नेच होतो.

पैशांचं पूर्णांकन अगदी शेवटी, एकदाच करा. कुणी आधी रोजचा पगार काढतो, १,२०२ रुपये ३१ पैसे, वरचे पैसे सोडून देतो आणि मग १,२०२ला पंधराने नि अठ्ठावीसने गुणतो. त्या एकतीस पैशांचे शेवटी १२९ रुपये होतात. भांडण्याइतकी ती रक्कम नाही, पण तुमचा आणि कंपनीचा आकडा शंभर-सव्वाशेने चुकत असेल तर कारण बहुधा हेच.

वर्षं मोजणं: खरी गोम इथे आहे

कायदा म्हणतो, पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षासाठी पंधरा दिवसांचा पगार, आणि वरचा तुकडा सहा महिन्यांपेक्षा जास्त असेल तर त्यालाही पूर्ण वर्ष धरायचं. सहा महिने किंवा त्याहून कमी असेल तर तो तुकडा सोडून द्यायचा. मधलं काही नाही. साडेसत्तावीस वर्षांचे पैसे कुणालाच मिळत नाहीत, मिळतात ते सत्तावीसचे नाहीतर अठ्ठावीसचे.

'पेक्षा जास्त' हे दोन शब्द नीट वाचा. समजा एक माणूस १ एप्रिल १९९८ला लागला आणि ३० सप्टेंबर २०२५ला निवृत्त झाला. त्याची २७ वर्षं ३१ मार्च २०२५ला पूर्ण झाली, आणि एप्रिल ते सप्टेंबर बरोब्बर सहा महिने. जास्त नाहीत. त्याला २७ वर्षंच मिळणार. त्याच्या आदल्या दिवशी, ३१ मार्चला लागलेल्या सोबत्याचे सहा महिने आणि एक दिवस होतात, त्याला २८. पगार सारखा असेल तर त्या एका दिवसाचे अण्णांच्या दराने १८ हजार रुपये. दहा-दहा मुलं एकाच आठवड्यात भरती झालेल्या बॅचमध्ये हा फरक निघतो आणि मग कँटीनमध्ये धुसफूस चालते. त्यात कंपनीची चूक नसते.

महिने बोटांवर मोजत बसू नका, त्यात एक दिवस इकडेतिकडे होतो. मी एक सोपी रीत वापरतो. रुजू झाल्याची तारीख आणि महिना घ्या, त्यात सहा महिने मिळवा. निवृत्तीच्या आधीच्या शेवटच्या पूर्ण वर्षानंतर येणारी ही तारीख. त्या तारखेला तुम्ही नोकरीत होता का? असाल तर एक वर्ष वाढवा, नसाल तर नाही. निवृत्तीचा दिवस हा नोकरीचाच दिवस असतो, तोही मोजायचा.

अण्णांचं नेमणूकपत्र १२ फेब्रुवारी १९९८चं, रुजू त्याच दिवशी. २७ वर्षं ११ फेब्रुवारी २०२५ला पूर्ण झाली. १२ फेब्रुवारीत सहा महिने मिळवले की १२ ऑगस्ट. १२ ऑगस्ट २०२५ला अण्णा कामावर होते, पुढे दीड महिना होते. म्हणजे २८ वर्षं. नेमकं सांगायचं तर २७ वर्षं, ७ महिने, १९ दिवस.

१८,०३४.६१५ गुणिले २८ बरोबर ५,०४,९६९ रुपये. मिळाले ४,२२,०१०. फरक ८२,९५९.

ज्यांना एक्सेल येतं त्यांनी A2 मध्ये रुजू तारीख, B2 मध्ये शेवटचा दिवस आणि C2 मध्ये मूळ पगार अधिक महागाई भत्ता टाकावा. खालची सूत्रं अनुक्रमे D2, E2 आणि F2 मध्ये:

```
=DATEDIF(A2,B2+1,"y")
=IF(B2>=EDATE(A2,12*D2+6),D2+1,D2)
=ROUND(C2/26*15*E2,0)
```

पहिल्या सूत्रातला `+1` गाळू नका. तो निवृत्तीचा दिवस मोजण्यासाठी आहे. दोन तारखांची नुसती वजाबाकी केली की शेवटचा दिवस पडतो, आणि नेमकं निवृत्तीच्या दिवशी पूर्ण होणारं वर्ष D2 मध्ये धरलं जात नाही.

हा सहा महिन्यांचा नियम रक्कम मोजण्यासाठी आहे. ग्रॅच्युइटी मिळण्यासाठी लागणाऱ्या पाच वर्षांच्या अटीला तो लावता येत नाही. साडेचार वर्षं झाली म्हणजे पाच धरा, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मृत्यू झाला किंवा अपंगत्व आलं तर मात्र पाच वर्षांची अटच नाही.

त्यांनी कुठे चुकवलं, ते उलटं चालून काढायचं

नुसता 'पैसे कमी आलेत' असा अर्ज दिला की उत्तर येतं, 'हिशेब नियमाप्रमाणे केला आहे'. चूक कुठली ते दाखवलं तर उत्तर द्यावं लागतं. त्यासाठी मिळालेल्या रकमेला एका वर्षाच्या किमतीने भागायचं. भागाकार पूर्ण अंकात आला तर त्यांनी धरलेली वर्षं सापडतात. आला नाही तर पगार किंवा भागणारा आकडा चुकला आहे.

४,२२,०१० भागिले १८,०३४.६२ केलं, २३.४० आले. पूर्ण अंक नाही. मला वाटलं महागाई भत्ता सोडून नुसत्या मूळ पगारावर काढलं असेल. २१,४००वर पंधरा दिवसांचे १२,३४६ होतात, त्याने भागलं तर ३४.१८. तेही नाही, आणि चौतीस वर्षं अण्णांची नोकरीच नाही. मग २६ऐवजी ३०ने भागून बघितलं, म्हणजे अर्धा पगार, १५,६३०. त्याने भागल्यावर नेमके २७. शेष काही नाही.

म्हणजे पगार त्यांनी बरोबर घेतला होता. चुका दोन होत्या: ३०ने भागलं होतं आणि वर्षं २७ धरली होती.

३०ची चूक समजण्यासारखी आहे, नवीन मुलगा बसला की अर्धा पगार धरतो. पण २७ कशी? अण्णांच्या स्लिपवर रुजू तारीख छापली होती १ सप्टेंबर १९९८. कायम केल्याच्या पत्रावर तीच तारीख. आमच्या पिढीने पगाराची रजिस्टरं संगणकावर चढवली तेव्हा हे सर्रास झालंय: हाताशी कायम झाल्याची तारीख असते, रुजू तारखेच्या चौकोनात तीच टाकली जाते, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं कुणी बघत नाही, कारण पगाराला तिचा काही त्रास नसतो. १ सप्टेंबरपासून मोजलं तर २७ वर्षं आणि एक महिना होतो, आणि तो महिना सोडून दिला जातो.

प्रोबेशनचा काळ सेवेतच धरला जातो, हे लक्षात ठेवा. अप्रेंटिस कायद्याखालचं प्रशिक्षण मात्र धरत नाहीत. म्हणून नेमणूकपत्रावरचा शब्द महत्त्वाचा. 'परिवीक्षा' किंवा 'प्रोबेशन' असेल तर पहिल्या दिवसापासून मोजा, अप्रेंटिस म्हणून करार असेल तर तो काळ संपल्यापासून. नेमणूकपत्र हरवलं असेल तर पीएफच्या सदस्य पोर्टलवरचा सेवेचा तपशील काढा. पीएफमध्ये दाखल झाल्याची तारीख तिथे सापडते आणि ती कंपनीनेच भरलेली असल्यामुळे नाकारणं कठीण जातं.

मागणी कशी लिहायची

आम्ही एक पानी अर्ज केला. वर धरलेला पगार, मग २६ आणि १५, मग रुजू आणि निवृत्तीच्या तारखा, सेवा २७ वर्षं ७ महिने १९ दिवस म्हणून २८, येणारी रक्कम, मिळालेली रक्कम, फरक. खाली एक ओळ: 'मिळालेली रक्कम १५,६३० गुणिले २७ अशी येते, यात भागाकार ३०ने केला आहे आणि सेवा कायम झाल्याच्या तारखेपासून धरली आहे.' सोबत नेमणूकपत्राची प्रत. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक-जावकचा शिक्का आणि तारीख घेतली. शिक्का देत नसतील तर पोस्टाने पोच घेऊन पाठवा.

पैसे निवृत्तीपासून तीस दिवसांत द्यायचे असतात, उशीर झाला तर वर्षाला १० टक्के सरळव्याज लागतं. कमी दिलेल्या रकमेवरही ते मागता येतं. अण्णांच्या फरकावर ते दिवसाला जवळपास २३ रुपये होतं. अर्जात ही ओळही टाकली. कंपनी ऐकत नसेल तर कायद्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि तिथेही हेच पान लागतं.

दोन आठवड्यांनी फोन आला. २६चं लगेच कबूल केलं. तारखेबद्दल नेमणूकपत्र बघितल्यावर बोलती बंद झाली, पण नवीन मुद्दा काढला: नोकरीभरात ८४ दिवस बिनपगारी रजा आहे, ते वजा करा. यात मेख होती. ७ महिने १९ दिवसांतून ८४ दिवस काढले की पाच महिन्यांच्या आत येतं, आणि वर्ष पुन्हा २७. हे असं वजा करता येत नाही. आजारपण, रजा, लेऑफ, एवढंच काय, न सांगता मारलेली दांडीसुद्धा सलग सेवेत धरली जाते. त्या गैरहजेरीमुळे सेवा खंडित झाली असा आदेश स्थायी आदेशांप्रमाणे तेव्हाच काढलेला असेल, तरच गोष्ट वेगळी. आम्ही तो आदेश मागितला. तसा कागद त्यांच्याकडे नव्हता.

२१ नोव्हेंबर २०२५पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनी २६, १५ आणि सहा महिन्यांचा नियम तसाच धरावा. पगाराची व्याख्या मात्र बदलली आहे: घरभाड्यासारखे वगळलेले भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील, तर निम्म्यावरचा भाग पगारात मिळवायचा. अण्णांचे भत्ते ६,६८० आणि एकूण पगार ३७,९४०, त्यामुळे त्यांना काही फरक पडला नसता. मूळ पगार मुद्दाम छोटा ठेवलेल्या कार्यालयांतल्या लोकांना तो पडेल. कायद्याची कमाल मर्यादा २० लाखांची आहे, आणि कंपनीच्या करारात यापेक्षा चांगला दर ठरला असेल तर तो मिळतो. म्हणून युनियनकडे करार असेल तर तोही एकदा चाळा. हे सगळं खासगी कारखान्यांचं झालं. सरकारी नोकरांचा हिशेब सहामाहीवर चालतो, त्यांना हे सूत्र लावू नका.

अण्णांचे ८२,९५९ रुपये जानेवारीत जमा झाले. व्याजाचा अर्ज अजून कंपनीच्या टेबलावर आहे, आणि अण्णा दर सोमवारी फोन करतात.